प्रकल्प नोंदी: ‘मनूची एक चप्पल’, पानोपानी तीच मनू

२ जून

पुस्तक साडेआठ इंची चौकोनी, आतली पानं २४. त्यातल्या २१ पानांवर मनू दिसते. गोष्ट एकाच दिवसाची आहे. सकाळी महाद्वार रोडच्या गर्दीत मनूची एक कोल्हापुरी चप्पल हरवते आणि ती आज्जीसोबत ती शोधत बिंदू चौक, तालीम, रंकाळा आणि शेवटी जोतिबाचा डोंगर असं फिरते. मनू ही सहा वर्षांची खरी मुलगी आहे. नाव बदललं आहे आणि पालकांची लेखी संमती फाईलला लावली आहे.

कामाची पद्धत अशी ठरली: फोटोवरून पात्र हातानं घडवायचं, त्या हातच्या चित्रांवर एक छोटा लोरा शिकवायचा, पानं स्टेबल डिफ्यूजन एक्सएल या चित्रं बनवणाऱ्या एआय मॉडेलमध्ये काढायची आणि शेवटचा हात क्रिता या रंगकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये फिरवायचा. लोरा म्हणजे मोठ्या मॉडेलला जोडायची लहानशी पुरवणी फाईल. मूळ मॉडेल न बदलता तिच्यामुळे त्याला एक नवा चेहरा किंवा शैली कळते. मुलीचे फोटो थेट मॉडेलला द्यायचे नाहीत आणि स्टुडिओच्या मशीनबाहेर पाठवायचे नाहीत. यामागं खासगीपणा आहेच, पण चित्राच्या दृष्टीनंही तेच बरं पडतं. त्याचं कारण १६ जूनच्या नोंदीत येईल.

४ जून

घरून आलेल्या फोटोंची छाननी. बहुतेक फोटो मोठ्या माणसानं उभं राहून, हात लांब करून काढलेले. अशा फोटोत दोन दोष एकदम येतात. कॅमेरा वरून असल्यानं डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात. अंतर हातभरच असल्यानं नाक आणि कपाळ पुढं येतं, कान मागं जातात. आपल्याला मुलगी ओळखीची असली की डोळे हे आपोआप सुधारून घेतात. चित्रकार मात्र फोटोतला आकार मोजून काढतो, आणि मग चित्र पाहून आई म्हणते, “आमची हिच्यासारखीच आहे, पण ही नव्हे.”

म्हणून नव्यानं फोटो मागवले. सूचना एवढ्याच दिल्या: कॅमेरा मुलीच्या छातीच्या उंचीवर, अंतर दीड ते दोन मीटर, फोनवर दुप्पट झूम, सोप्यातला सावलीचा उजेड, फ्लॅश नाही. समोरून, दोन्ही बाजूंनी तिरके, दोन्ही बाजूंनी सरळ, मागून आणि एक पूर्ण उभा. सगळे एकाच आठवड्यातले हवेत. या वयात पुढचे दात पडतात आणि केस कापले की चेहऱ्याचा घाटच बदलतो.

सेल्फी बाजूला काढले. पुढच्या कॅमेऱ्याचे फोटो बरेच फोन आरशासारखे उलटे करून साठवतात. टीशर्टवरची अक्षरं उलटी दिसली तर कळतं, साधा फ्रॉक असेल तर कळतच नाही. मनूच्या उजव्या डोळ्याखाली तीळ आहे आणि भांग किंचित डावीकडं आहे. उलटा फोटो एकदा वापरात आला की पुढं कोण बरोबर आणि कोण चूक याचा वाद सुटत नाही.

आजपासून सगळ्या नोंदींत ‘डावं-उजवं’ म्हणजे मनूचं स्वतःचं डावं-उजवं, बघणाऱ्याचं नाही. हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलं आहे.

७ जून

फोटोतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं. फोटोत शंभर गोष्टी असतात. चित्रात त्यातल्या पाच-सहाच टिकतात, कारण पुढच्या प्रत्येक पानावर त्या पाच-सहाच पाळता येतात. मनूसाठी ठरल्या त्या अशा: वर दुमडून लाल रिबिनीत बांधलेल्या दोन वेण्या, हळदी रंगाचा फ्रॉक, डावीकडचा भांग, जाड आणि मध्ये जवळजवळ भिडणाऱ्या भुवया, वरच्या ओळीत एका दाताची फट, आणि उजव्या डोळ्याखालचा तीळ.

ही यादी मोठ्याकडून लहानाकडं लावलेली आहे आणि तो क्रम कामाचा आहे. डोकं पानभर असेल तेव्हा सहाही खुणा दिसायला हव्यात. डोकं अंगठ्याएवढं झालं की तीळ आणि दात गाळायचे. नखाएवढं झालं की वेण्यांचा बाह्याकार, फ्रॉकचा रंग आणि अंगाचं प्रमाण एवढंच उरतं, आणि वाचणारं पोर तेवढ्यावर तिला बरोबर ओळखतं. लहान आकारात तीळ काढायचा हट्ट धरला तर तो छपाईतला डाग वाटतो.

प्रमाणं: सहा वर्षांचं मूल प्रत्यक्षात साधारण साडेपाच ते सहा डोकी उंच असतं. चित्रात चार डोकी घेतली. डोळ्यांची रेषा डोक्याच्या माथ्यापासून ५६ टक्क्यांवर. चेहऱ्याचं वय ठरवणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. मोठ्यांत ती रेषा जवळजवळ मध्यावर असते, मुलांत मध्याच्या खाली. आज्जीच्या शेजारी उभी असेल तर मनूचा माथा आज्जीच्या कमरेच्या थोडा वर येतो.

१२ जून

मूळ तक्ता पूर्ण. हातानं काढलेली २६ चित्रं: डोक्याची आठ (समोर, दोन तिरकी, दोन सरळ बाजू, मागून, वरून, खालून), हावभावांची सहा, कमरेपर्यंतची चार, आणि पूर्ण अंगाची आठ.

दोन्ही तिरकी डोकी वेगवेगळी काढली आहेत. एक काढून दुसरं आरशात उलटवायचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि तीळ, भांग, दाताची फट या तिन्ही गोष्टी नेमक्या तिथंच हातातून जातात. मागून दिसणारं डोकंही टाळायचं नाही. शोधाशोधीच्या गोष्टीत नायिका सारखी पाठमोरी असते. मागून वेण्या कशा दुमडतात, रिबीन कुठं बसते, भांग मानेपर्यंत येतो का, हे आधी ठरवलं नाही तर प्रत्येक पानावर वेगळं उत्तर निघतं.

पायांचा निर्णय: तक्त्यातल्या सगळ्या चित्रांत मनू अनवाणी आहे. मॉडेलला कोल्हापुरी चप्पल नीट येत नाही. अंगठा देते, पट्टा देते, पण कानं, वेणी आणि गोंडा यांची खिचडी करते. शिवाय पाचव्या पानापासून चप्पल फक्त डाव्या पायात आहे, आणि डावं-उजवं सांगून मॉडेल ऐकत नाही. त्यामुळं घोट्याखालचा भाग सगळीकडं हातानं काढायचा. लाल गोंड्याच्या चपलेची चार कोनांतली चित्रं वेगळ्या पानावर ठेवली आहेत.

रंग पक्के केले:

```
त्वचा        #A9724E
त्वचेची सावली #7E4F36
केस         #2B211E
फ्रॉक        #F2C94C
रिबीन, गोंडा  #C8322B
```

याबरोबर एक मोजमाप ठेवलं. चित्र राखाडी केलं की केस साधारण १४ टक्के उजळ, त्वचा ५०, फ्रॉक ७८. उजेड बदलेल तसे आकडे बदलतील, पण केस, त्वचा, फ्रॉक हा चढता क्रम आणि त्यांच्यातलं अंतर हलता कामा नये. २ जुलैच्या कामात याचा उपयोग होणार आहे.

१६ जून

लोरा शिकवायला लावला. फोटोंवर न शिकवता चित्रांवर का, याचं कारण इथं लिहून ठेवतो. फोटोंवर शिकलेल्या लोराच्या दृष्टीनं कातडीचा पोत, कॅमेऱ्याचा उजेड, मागचा सोपा हे सगळंच ‘मनू’ असतं. मग जलरंगाची शैली मागितली की दोन्हींत ओढाताण होते. एका पानावर चेहरा फोटोसारखा गुळगुळीत आणि अंग चित्रातलं, तर दुसऱ्या पानावर शैली छान आणि चेहरा कोणाचाही. तक्त्यावर शिकवलं की खऱ्या चेहऱ्याचं चित्रात रूपांतर कसं करायचं हा प्रश्न एकदाच, माणसाच्या हातानं सुटलेला असतो. मॉडेलला तो प्रत्येक पानावर नव्यानं सोडवावा लागत नाही.

प्रत्येक चित्राला ओळखीची ओळ लिहायची असते. नियम उलटा वाटतो पण पक्का आहे: जे बदलणार ते लिहायचं, जे कायम राहणार ते लिहायचं नाही. वेण्या, भुवया, तीळ, फ्रॉक यांचा उल्लेख केला नाही, म्हणजे ते सगळं मनूसाठी ठरवलेल्या manuklp या एका शब्दाला चिकटतं. कोन, हावभाव, कृती, पार्श्वभूमी मात्र लिहिली.

```
manuklp girl, three-quarter view, laughing, arms raised, plain green background
```

तक्त्यातली चित्रं पांढऱ्या कागदावर होती. तशीच दिली तर पांढरी पार्श्वभूमीही मनूचाच भाग ठरते आणि पुढं रंकाळ्यावरसुद्धा तिच्याभोवती पांढरट कडा दिसत राहते. म्हणून अर्ध्या चित्रांमागं वेगवेगळे सपाट रंग भरले आणि तो रंग ओळीत लिहिला.

```
resolution = 1024
num_repeats = 10
flip_aug = false
network_dim = 16
network_alpha = 8
max_train_epochs = 8
save_every_n_epochs = 1
```

२६ चित्रं, प्रत्येकाची १० आवर्तनं, ८ फेऱ्या, एका वेळी एक चित्र: एकूण २०८० पायऱ्या. यातली flip_aug ची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती चालू असेल तर शिकवताना चित्रं आपोआप उलटवून दिली जातात. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या पात्राला त्याचा फायदा होतो. मनूच्या बाबतीत तीळ कधी इकडं, कधी तिकडं, आणि बरेचदा दोन्ही गालांवर अर्धा-अर्धा येतो.

१८ जून

फेऱ्यांची तुलना. प्रत्येक फेरीच्या फाईलवर तेच सहा प्रॉम्प्ट आणि तोच सीड लावून चित्रं काढली. सहांपैकी एक प्रॉम्प्ट मुद्दाम तक्त्याबाहेरचा होता, झाडावरून उलटं लोंबकळणारी मनू. तिसऱ्या फेरीपर्यंत वेण्या कधी मोकळ्या, कधी एकच शेपटा, म्हणजे शिकणं अपुरं. आठव्या फेरीत चेहरा अचूक, पण उलटं लोंबकळायला सांगितलं तरी ती सरळ उभी राहून हसते. तक्त्यातली चित्रंच पाठ झाली आहेत. सहावी फेरी निवडली. वजन, म्हणजे लोराचा जोर, ०.८. त्याच्या वर गेलं की रेषा जाड होऊन करपल्यासारख्या दिसतात, ०.६ च्या खाली भुवया सुटतात.

सीडबद्दल एक गोष्ट, कारण टीमबाहेरून हा सल्ला वारंवार येतो. ‘एकच सीड ठेवा, चेहरा तोच राहील’ हे खरं नाही. सीडनं फक्त सुरुवातीचा गोंगाट ठरतो. प्रॉम्प्ट बदललं की त्याच गोंगाटातून दुसरं चित्र निघतं. फार तर मांडणीत थोडं साम्य राहतं. दोन सेटिंगची तुलना करताना सीड कायम ठेवावा, पात्र टिकवण्यासाठी त्याच्यावर विसंबू नये.

२३ जून

पानांची सुरुवात. प्रत्येक पानाची मांडणी आधी पेन्सिलनं. तो कच्चा आराखडा स्कॅन करून कंट्रोलनेटमधून द्यायचा, म्हणजे मनू कुठं, केवढी आणि कोणत्या कोनात हे मॉडेलवर सोपवलं जात नाही. उंचीचं प्रमाण टिकवायलाही हाच मार्ग खात्रीचा. नुसत्या शब्दांवर काढलेल्या पानांत मनू आज्जीच्या कधी कमरेला, कधी खांद्याला लागते.

दोघी एका पानावर आल्या की एकीचं दुसरीला लागतं. पान ३ च्या पहिल्या प्रतीत आज्जीच्या अंबाड्याला लाल रिबीन, चेहऱ्यावर तीळ आणि गाल सहा वर्षांच्या मुलीचे. लोरा पूर्ण चित्रावर लागू होतो, त्यात आज्जीही आलीच. म्हणून क्रम बदलला. आधी लोरा बंद ठेवून आज्जी, दुकानं आणि गर्दी काढायची, मनूच्या जागी कोणतीही मुलगी चालेल. मग तेवढ्याच जागेवर मास्क टाकून लोरा चालू करायचा आणि मनू भरायची. मास्क डोक्याच्या आणि वेण्यांच्या बाहेर थोडा सैल ठेवायचा. घट्ट ठेवला तर दुमडलेल्या वेण्यांना जागाच मिळत नाही आणि त्या कापल्यासारख्या दिसतात.

२६ जून

रंकाळ्याचं जोडपान, पान १२-१३. हे पान नीट लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण चेहरा बिघडण्याचं मुख्य कारण इथं उघडं दिसतं.

मांडणी अशी: समोर पाणी, पलीकडं संध्यामठ, काठाच्या कठड्यावर मनू बसलेली. जोडपान आडवं असल्यानं मूळ चित्र १५३६ बाय ७६८ पिक्सेलचं काढलं. त्यात मनूचं डोकं साधारण ६४ पिक्सेलचं. आलेला चेहरा म्हणजे वितळलेलं मेण: एक डोळा खाली, भुवया नाकात.

यात लोराचा दोष नाही. हे मॉडेल चित्र थेट पिक्सेलमध्ये रंगवत नाही. ते आठपट आकसलेल्या जाळीवर काम करतं आणि शेवटी ती जाळी उलगडून चित्र करतं. ६४ पिक्सेलचं डोकं म्हणजे त्या जाळीत आठ बाय आठ चौकटी. एका डोळ्याच्या वाट्याला जेमतेम एक-दीड चौकट येते. तेवढ्यात पापणी, बुबुळ आणि भुवई मावणं शक्यच नाही, मग प्रॉम्प्टमध्ये कितीही ‘सुंदर चेहरा’ लिहा.

इलाज: डोक्याभोवतीचा २५६ पिक्सेलचा चौकोन कापला, १०२४ चा केला, डोक्यावर मास्क टाकून लोरासकट पुन्हा काढला, आणि लहान करून जागेवर बसवला. आता तेच डोकं २५६ पिक्सेलचं होतं, म्हणजे जाळीत ३२ बाय ३२ चौकटी. कापताना खांदे आणि थोडं पाणी आत ठेवलं. नुसतं डोकं कापलं तर मॉडेलला उजेड कुठून येतो ते कळत नाही आणि चेहरा चिकटवल्यासारखा दिसतो.

डीनॉइजचा आकडा ०.४ ठेवला. मूळ चित्र किती मोडायचं हे तो सांगतो. ०.२५ च्या खाली मेण मेणच राहतं. ०.६ च्या वर डोकं भलतीकडं वळतं आणि मानेवर जोड दिसायला लागतो. मानेचा जोड पटकन पाहायचा असेल तर चित्राचा कॉन्ट्रास्ट दुप्पट करून बघावं, त्वचेच्या दोन छटांची सीमा लगेच उठून दिसते.

तरीही काम संपलं नव्हतं. दुरुस्त चेहरा आता गरजेपेक्षा जास्त तपशिलाचा झाला. छापील जोडपान १७ इंच रुंद, म्हणजे १५३६ पिक्सेलमधलं ६४ पिक्सेलचं डोकं कागदावर जेमतेम १८ मिलिमीटर भरतं. अंगठ्याच्या नखाएवढ्या चेहऱ्यात पापण्यांचे केस मोजता आले तर मनू शेजारच्या पानापेक्षा वेगळ्या हातानं काढलेली वाटते. ७ जूनच्या यादीप्रमाणे क्रितामध्ये तीळ आणि दात काढून टाकले, डोळे दोन ठिपके आणि भुवया दोन जाड रेषा एवढंच ठेवलं. मग पूर्ण चित्र छपाईच्या मापाला, ३०० डीपीआयला, ५१०० पिक्सेल रुंद केलं. हा क्रम उलटा करू नये. आधी मोठं केलं तर बिघडलेला चेहराच कडक रेषांत गोठतो.

२ जुलै

जोतिबाचं पान, २०-२१. चित्रात गुलाल उधळलाय, मनू त्यात न्हालेली. प्रॉम्प्टमध्ये गुलाल लिहिला की मॉडेल मनूलाच गुलाबी गोरी करतं, भुवया विरळ होतात आणि केस तपकिरी होतात. गुलाल तिच्या अंगावर पडलेला दिसायला हवा, मॉडेल मात्र तिच्या कातडीचाच रंग बदलतं. तशीही ही मॉडेलं सावळ्या त्वचेला हळूहळू उजळ करत नेतात. रंगीत उजेडाच्या पानांवर ते जास्त होतं आणि कमी ध्यानात येतं.

म्हणून हे पान साध्या दुपारच्या उजेडात, गुलालाशिवाय काढलं. त्वचा मूळ रंगाशी ताडून घेतली. मग क्रितामध्ये गुलाल हातानं, दोन लेअरवर. खालचा लेअर मल्टिप्लाय पद्धतीचा: भांग, कपाळ, खांदे, फ्रॉकच्या घड्या. मल्टिप्लायमध्ये खालचा रंग फक्त गडद होऊ शकतो, उजळ होत नाही, त्यामुळं त्वचा त्वचाच राहते. वरचा लेअर साधा, कोरड्या ब्रशनं, सुट्या भुकटीचा. डोळे, भुवया आणि तोंडाभोवतीचा भाग जवळजवळ मोकळा ठेवला. प्रत्यक्षातही माणूस डोळे-तोंड पुसतोच, त्यामुळं ते खोटं वाटत नाही आणि ओळखीच्या खुणा वाचतात. सासनकाठ्या मॉडेलकडून मागितल्याच नाहीत. मागितल्या असत्या तर बांबूला रंगीत छत्र्या लावून दिल्या असत्या.

रंकाळ्याच्या संध्याकाळच्या पानालाही हीच रीत लावली: चित्र साध्या उजेडात, वरून मनू आणि पार्श्वभूमी दोन्हींवर एकच #F0A868 चा मल्टिप्लाय लेअर. दोन्ही पानं राखाडी करून पाहिली, केस-त्वचा-फ्रॉक हा क्रम शाबूत आहे. रंगीत चित्राकडं बघून त्वचा बरोबर आहे की नाही ठरवू नये. आजूबाजूच्या गुलाबीत कोणतीही त्वचा डोळ्याला हिरवट आणि फिकी भासते.

७ जुलै

तालमीचं पान, १६. तांबड्या मातीत सगळे पैलवान सावळे, मनू त्यांच्यात हरवत होती. मनूचा रंग बदलला नाही. हौद्यावर वरच्या खिडकीतून उजेडाचा पट्टा टाकला आणि हळदी फ्रॉक त्यात आणला. एवढ्यात भागलं.

१० जुलै

सगळ्या पानांची एकत्र तपासणी. प्रत्येक पानावरून मनूचं डोकं कापलं, माथ्यापासून हनुवटीपर्यंतची उंची सगळीकडं सारखी केली आणि पानांच्या क्रमानं एका पट्टीत लावलं. पट्टीच्या वरच्या ओळीत मूळ तक्त्यातली डोकी. तुलना नेहमी तक्त्याशीच करायची. शेजारच्या पानाशी केली तर प्रत्येक पाऊल पटण्याजोगं असतं आणि तरी पहिली आणि शेवटची मनू दोन वेगळ्या मुली निघतात.

पट्टी आधी अगदी लहान करून काळ्या आकृतींत पाहिली, वेण्यांचा आकार कळतो का एवढ्यासाठी. मग पूर्ण आकारात एकेक खूण.

पान १४ खटकलं. आज्जी दमून बसते आणि मनू पुढं धावत ओरडते, “आज्जी, तू थांब हितंच, मी बघून येतो!” खुणा सगळ्या जागेवर: तीळ, भांग, भुवया. तरी ही मुलगी दहा वर्षांची. मोजल्यावर डोळ्यांची रेषा ५० टक्क्यांवर सापडली, हनुवटी लांब आणि पूर्ण अंग पाच डोक्यांचं. कारण प्रॉम्प्टमध्ये होतं. ‘determined’ हा शब्द होता आणि धावण्याची पूर्ण अंगाची पोझ. निर्धार, शौर्य, राग असे शब्द मॉडेल मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून शिकलेलं असतं, त्यामुळं भावनेबरोबर वयही येतं. आराखडाही लांब पायांचा काढलेला होता, आणि कंट्रोलनेटनं तो इमानदारीत पाळला.

दुरुस्ती: आराखड्यात पाय आखूड करून चार डोक्यांचं माप साधलं. शब्द काढून टाकला आणि त्याजागी दिसणारी गोष्ट लिहिली, ‘eyebrows down, mouth wide open’. नव्या चित्रात रेषा ५४ वर आली. उरलेले दोन टक्के क्रिताच्या लिक्विफाय साधनानं डोळे-भुवया एकत्र खाली सरकवून. फक्त डोळे सरकवले तर भुवया आणि डोळ्यांतलं अंतर वाढतं आणि मनू दचकलेली दिसते.

वेण्यांची उंचीही मोजली. दुमड कानाच्या पाळीच्या रेषेत हवी. पान ८ आणि १७ वर ती खांद्यापर्यंत उतरली होती, हातानं वर घेतली.

१५ जुलै

मजकूर बसवताना पान ९ चं चित्र आडवं उलटवलं गेलं होतं, उजवीकडं ओळींना जागा हवी म्हणून. चित्र म्हणून ते सुंदरच दिसत होतं. पण तीळ डावीकडं, भांग उजवीकडं आणि चप्पल उजव्या पायात, तर त्या पायाची चप्पल पान ४ वरच हरवली आहे. पोरं हे पहिल्या वाचनात पकडतात. उलटवणं रद्द केलं आणि मनूला आराखड्यातच उजवीकडून डावीकडं सरकवून पान पुन्हा काढलं. मांडणी करणाऱ्याकडं जाणाऱ्या फाईलींत यापुढं प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात, कापून जाणाऱ्या भागात, ‘डावा’ असा शब्द लिहिलेला असेल. चित्र उलटवलं की अक्षर उलटं दिसतं.

त्याच वेळी जोडपानांची शिवण पाहिली. मधल्या दुमडीपासून १२ मिलिमीटरच्या आत कुठंही चेहरा नको. पान ६-७ वर मनूचा डावा गाल आत जात होता. चित्र १० मिलिमीटर बाहेर ओढलं, वाढीव कडा होती म्हणून निभावलं.

१९ जुलै

छपाईचा नमुना मॅट आर्ट पेपरवर. स्क्रीनवरची त्वचा कागदावर मातकट आणि किंचित हिरवट आली. रंगांचं छपाईच्या शाईत रूपांतर करताना सावल्यांत काळी शाई आणि निळी शाई जास्त गेली होती. त्वचेतली काळी शाई जवळजवळ काढून टाकली, निळी थोडी कमी केली, मॅजेंटा तसाच ठेवला. गडदपणा तपकिरीतूनच आला पाहिजे. हा बदल एकेका पानावर करायचा नाही. सगळ्या २१ पानांच्या त्वचेच्या मास्कवर एकच वक्र लावायचा, नाहीतर मोठ्या मेहनतीनं जुळवलेले रंग शेवटच्या टप्प्यावर पुन्हा फाटतात. दुसरा नमुना मूळ तक्त्याच्या छापील प्रतीशेजारी ठेवून, दिवसाच्या उजेडात पाहून मंजूर केला.

२२ जुलै

फाईली बंद केल्या. ठेवायचं ते: २६ चित्रांचा तक्ता लेअरसकट, ओळखीच्या ओळी, सहाव्या फेरीचा लोरा, रंगांचे आकडे, त्वचेचा वक्र, पेन्सिलचे आराखडे, आणि प्रत्येक पानाचं प्रॉम्प्ट, सीड व वजन. मूळ फोटो संमतीपत्रात लिहिल्याप्रमाणे पुसले.

पुढच्या पुस्तकात मनू पावसात पन्हाळ्यावर जाते, म्हणजे रेनकोट आला. आताच्या लोराला हळदी फ्रॉक मनूपासून वेगळा करता येत नाही, कारण तो ओळींत लिहिलाच नव्हता. रेनकोट मागितला तर तो पिवळा येईल आणि खाली फ्रॉकची झालर लोंबेल. त्यासाठी तक्त्यात रेनकोट आणि शाळेच्या गणवेशातली दहा-बारा चित्रं वाढवायची, या वेळी कपड्यांचा उल्लेख प्रत्येक ओळीत करायचा, आणि लोरा नव्यानं शिकवायचा. चेहरा आत्ताच्या तक्त्यावरूनच घ्यायचा. मुलीचे नवे फोटो मागवायचे नाहीत, तिचा तो दात आता आला आहे.